श्रीखंडाच्या डब्यातील पाच पाकिटे: मोबाइलवरील एका तपासणीची तयारी

नाशिकच्या सिडको भागात, आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंनी फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी चार दिवसांच्या अंतराने दोनदा मोबाइलवर सल्लामसलत केली. तक्रार दोन्ही वेळा एकच होती आणि डॉक्टरही तेच होते. पहिल्या संभाषणातून काहीही ठरू शकले नाही, तर दुसऱ्यातून दोन औषधे बंद झाली आणि महिन्याभरात पायांची सूज बरीच उतरली. मी औषधांचे दुकान चालवतो. मधल्या चार दिवसांत काकूंच्या घरी बसून जी तयारी केली, तिची ही नोंद आहे. नाव येणार नसेल तर खुशाल लिही, अशी परवानगी काकूंनी दिलेली आहे.

काकूंचे वय ६७ वर्षे. रक्तदाब बारा वर्षांपासून आणि मधुमेह सहा वर्षांपासून. जानेवारीच्या मध्यापासून दोन्ही घोट्यांवर सूज येऊ लागली होती. ती सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असे. त्याशिवाय अंथरुणातून उठताना कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पुण्यात राहणाऱ्या मुलाने तेथूनच डॉक्टरांची वेळ घेतली आणि आईला फोनवर जोडून घेतले. औषधे कोणती चालू आहेत, या प्रश्नावर काकूंनी सांगितले, "एक मोठी टेल्माची, एक पांढरी लहान, आणि साखरेची दोन वेळा." रक्तदाब किती, यावर त्यांनी नुकताच घरच्या यंत्रावर आलेला १६८/९२ हा आकडा सांगितला. उपाशीपोटी साखर २१४ असल्याचेही सांगितले. सूज किती आहे, यावर मुलगा म्हणाला "थोडी आहे" आणि काकू म्हणाल्या "बरीच आहे".

या माहितीवर सरळ विचार केला तर रक्तदाबाचे औषध वाढवावे, साखरेचे वाढवावे आणि सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी द्यावी, असेच कोणालाही वाटेल. डॉक्टरांनी यातले काहीच केले नाही. श्वास लागतो का, छातीत दुखते का, एकच पाय सुजला आहे का, लघवी कमी झाली आहे का, हे चार प्रश्न त्यांनी विचारले. चारही उत्तरे नकारार्थी मिळाल्यावर त्यांनी सांगितले की चार दिवस रक्तदाब नीट मोजून लिहून ठेवा, घरातली सगळी पाकिटे समोर घेऊन बसा आणि मग व्हिडिओवर बोलू. मध्ये श्वास लागला तर मात्र फोन न करता थेट दवाखान्यात या. ही सूचना ऐकून मुलगा थोडा नाराज झाला होता, कारण त्याच्या दृष्टीने पैसे देऊनही औषध मिळाले नव्हते. त्याच संध्याकाळी काकू रक्तदाबाचे यंत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

सुरुवात १६८/९२ या आकड्यापासून केली. तो केव्हा घेतला, हे विचारल्यावर कळले की त्या दिवशी लिफ्ट बंद होती, काकू भाजी घेऊन तीन जिने चढून आल्या होत्या, मुलाचा फोन येणार म्हणून घाईने पलंगाच्या कडेवर बसून, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, शेजारणीशी बोलता बोलता त्यांनी यंत्र लावले होते. यातली प्रत्येक गोष्ट वरचा आकडा वाढवणारी आहे. मात्र सर्वांत महत्त्वाची चूक पट्ट्यातच होती. यंत्रासोबत आलेल्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असे छापलेले होते, आणि शिवणाची टेप घेऊन काकूंचा दंड खांदा व कोपर यांच्या मधोमध मोजला तेव्हा तो ३४ सेंटिमीटर भरला. दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, आणि यंत्र कितीही चांगले असले तरी ही चूक पडद्यावर दिसत नाही. दुकानातून २२ ते ४२ सेंटिमीटरचा पट्टा आणून लावला. घरी रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येकाने हे एक माप एकदा तरी घ्यावे असे माझे मत आहे. बहुतेक घरांत ते घेतलेले नसते.

नंतरची पद्धत अशी ठरवली. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्या घेण्याआधी, आणि रात्री जेवणाआधी, अशा दोन वेळा. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, उघड्या दंडावर पट्टा आणि हात टेबलावर छातीच्या पातळीवर. पाच मिनिटे गप्प बसून पहिला आकडा, एक मिनिट थांबून दुसरा. दोन्ही आकडे वहीत लिहायचे, त्यातला "बरा दिसणारा" निवडायचा नाही. ही शेवटची अट काकूंना पटवायला वेळ लागला, कारण जास्त आलेला आकडा मशीनची चूक समजून पुन्हा पुन्हा मोजत राहण्याची त्यांची सवय होती. उठताना अंधारी येत असल्यामुळे आणखी एक मोजणी जोडली: बसून मोजल्यावर उभे राहायचे, भिंतीचा आधार हाताशी ठेवायचा आणि एका मिनिटाने पुन्हा मोजायचे.

पहिल्या दिवशी सकाळी १४६/८२ आणि १३८/८० आले. नव्या मोजणीच्या पहिल्या दिवसाचे आकडे थोडे चढेच येतात, म्हणून सरासरी काढताना तो दिवस सोडून देण्याची पद्धत आहे. उरलेल्या तीन दिवसांची सरासरी १२२/७० निघाली. घरी घेतलेल्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी ही वाढलेली मानली जाते, म्हणजे काकूंचा रक्तदाब वाढलेला नव्हताच. उलट तिसऱ्या दिवशी बसून १२४/७० असलेला दाब उभे राहिल्यावर १०२/६४ झाला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरणे ही डॉक्टरांना आवर्जून सांगण्याची गोष्ट असते. ज्या बाईंना चार दिवसांपूर्वी रक्तदाबाची गोळी वाढवून द्यावी असे वाटले असते, त्यांचा रक्तदाब खरे तर उठताना खाली जात होता.

साखरेच्या आकड्याचे कारण अधिक घरगुती निघाले. काकूंच्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षाची बाग आहे आणि हंगामात त्यांच्याकडून पेट्या येतात. ज्या सकाळी २१४ आली, त्या सकाळी काकू नातेवाइकांना पाठवण्यासाठी घड निवडून पिशव्या भरत होत्या. बोटाला लागलेला द्राक्षाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि थेंब इतका लहान असतो की रसाचा अंश पुरेसा ठरून यंत्र साखर भलतीच वाढलेली दाखवते. अशा वेळी स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही साखर पूर्णपणे निघेल याची खात्री नसते. साबण आणि पाण्याने हात धुऊन कोरडे करावे लागतात. दुसऱ्या दिवशी हात धुऊन मोजल्यावर उपाशीपोटी १३१ आली, त्यानंतरच्या दोन सकाळी १२६ आणि १३४. वहीत प्रत्येक आकड्यापुढे उपाशीपोटी की जेवणानंतर, आणि जेवणानंतर असेल तर पहिल्या घासापासून किती वेळाने, हे लिहिले. २१४ हा आकडा खोडला नाही. त्यापुढे "द्राक्षे हाताळल्यावर, हात न धुता" अशी टीप लिहिली. चुकीचा वाटणारा आकडा लपवण्यापेक्षा तो कसा आला हे सांगितलेले डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

आता पाकिटांकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. काकूंची औषधे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. तो डबा टेबलावर पालथा केला तेव्हा आठ पाकिटे निघाली. त्यातली तीन केव्हाच संपलेल्या सर्दी-खोकल्याची होती. ती बाजूला काढून उरलेली पाच ओळीने मांडली. काकूंनी फोनवर तीनच औषधे सांगितली होती. चौथे कॅल्शियमचे होते, आणि पाचवे गुडघेदुखीच्या गोळीचे, जे त्यांच्या हिशेबी औषधच नव्हते. "ती रोजची नाही रे, दुखलं की घेते," असे त्या म्हणाल्या. पाकिटावरच्या रिकाम्या खळग्यांवरून मात्र दुखणे दिवसाआड तरी होत असावे असे दिसत होते.

पांढऱ्या लहान गोळीच्या पाकिटात चारच गोळ्या उरल्या होत्या आणि नाव छापलेला भाग कापला गेला होता. येथे आमच्या व्यवसायाचा दोष मान्य करायला हवा. दुकानात पाच-सहा गोळ्या सुट्या मागितल्या की आम्ही कात्री लावतो, आणि नाव, तारीख व बॅच क्रमांक छापलेला तुकडा कोणाकडे जातो याचा विचार फारसा होत नाही. काकूंच्या सुदैवाने पाकिटाच्या मागच्या बाजूला लहान अक्षरांत घटकाचे नाव अर्धे शिल्लक होते आणि पुण्याच्या दुकानाचे बिल त्याच डब्यात घडी करून ठेवलेले होते. दोन्ही जुळवल्यावर ती गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची निघाली.

मोठ्या गोळीचे पाकीट उलटे केले. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत कंपनीने दिलेले नाव होते. मागे घटक लिहिलेले होते: टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन रोज दोन पाकिटांतून, मिळून १० मिलिग्रॅम, पोटात जात होते.

हे कसे झाले, ते कागदांवरून उलगडले. काकू पूर्वी फक्त टेल्मिसार्टन घेत. दिवाळीत पुण्याला गेल्या असता रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणून तेथील डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची वेगळी गोळी जोडली. डिसेंबरमध्ये नाशिकला परतल्यावर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन गोळ्यांऐवजी दोन्ही घटक असलेली एकच गोळी लिहून दिली आणि जुन्या बंद करायला सांगितले. काकूंनी जुनी टेल्मिसार्टनची गोळी बंद केली, कारण नव्या पाकिटावरचे नाव तिच्याशी मिळतेजुळते होते. पांढऱ्या लहान गोळीचे नाव नव्या पाकिटावर कोठेच मोठ्या अक्षरांत दिसत नव्हते, म्हणून ती वेगळ्या कामाची असावी असे समजून त्यांनी चालूच ठेवली. यात हलगर्जीपणा मला दिसत नाही. पाकिटाची पुढची बाजू वाचणारा कोणीही माणूस हेच करील.

अ‍ॅम्लोडिपिनमुळे पायांवर सूज येते हे डॉक्टर आणि औषधविक्रेते दोघांनाही ठाऊक असते. या औषधाने बारीक रोहिण्या सैल होतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या ऊतींत झिरपते. मात्रा जितकी जास्त, तितकी ही सूज अधिक जणांत दिसते. शरीरात पाणी एकूण वाढल्यामुळे ती आलेली नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. पाकिटे न पाहता ती गोळी दिली असती तर आधीच घसरणारा रक्तदाब आणखी घसरला असता. तरीही मी स्वतः काही बंद केले नाही. दुकानदाराने शंका मांडायची असते, निर्णय डॉक्टरांचा असतो, आणि सुजेला हृदय, मूत्रपिंड व यकृत अशी इतर कारणेही असू शकतात.

पाकिटांचे फोटो काढताना पहिले तीन वाया गेले. चकचकीत पत्र्यावर फ्लॅश पडला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमके नाव त्याखाली जाते. फ्लॅश बंद करून, पाकीट खिडकीजवळ गडद रंगाच्या टॉवेलवर ठेवून, मोबाइल किंचित तिरका धरल्यावर अक्षरे वाचता आली. प्रत्येक पाकिटाची पुढची आणि मागची बाजू वेगळी घेतली आणि शेजारी कागदाच्या चिठ्ठीवर औषध दिवसातून किती वेळा, केव्हा आणि कधीपासून घेतात हे लिहून तीही फोटोत घेतली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी सांगितलेली वेळ लिहिली नाही, काकू प्रत्यक्षात घेतात ती लिहिली. साखरेची रात्रीची गोळी आठवड्यातून दोनदा तरी राहून जाते, हेही तेव्हाच समजले.

पायांच्या फोटोसाठी थोडा विचार करावा लागला. सूज किती, हे एका पायाच्या फोटोवरून कळत नाही. तुलनेला दुसरा पाय लागतो. काकूंना खुर्चीवर बसवून, साडी पोटरीपर्यंत वर घेऊन, दोन्ही पाय शेजारी शेजारी एकाच फोटोत घेतले, एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा संध्याकाळी सात वाजता, त्याच जागेवरून. मग नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून बोट उचलल्याबरोबर बाजूने फोटो घेतला, म्हणजे पडलेला खळगा सावलीमुळे दिसतो. समोरून घेतलेल्या फोटोत तो दिसत नाही, हे आधीच्या प्रयत्नात कळले होते. मोबाइलमधील चेहरा उजळवणारी सोय बंद केली, कारण ती त्वचेचा रंग बदलते आणि लाली आहे की नाही, हे डॉक्टरांना पाहायचे असते. टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या: डावी ३६, उजवी ३६.५ सेंटिमीटर. एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जाड असती, किंवा ती दुखरी, लाल अथवा गरम असती, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याच्या शंकेमुळे व्हिडिओची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला असता.

हे सर्व डॉक्टरांना ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि पाकिटावरची बारीक अक्षरे पुसट होतात, म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले. एकूण चौदा फोटो होते. ते काकूंच्या, मुलाच्या आणि माझ्या मोबाइलवरून वेगवेगळे न जाता एकाच मोबाइलवरून, क्रमांक घालून गेले. त्यांच्या आधी पुढील मजकूर होता:

"स्त्री, वय ६७. रक्तदाब, मधुमेह. दोन्ही घोट्यांवर सूज सहा आठवडे, संध्याकाळी जास्त. उठताना अंधारी. श्वास लागत नाही, एकाच उशीवर झोपतात. रक्तदाब तीन दिवसांची सरासरी १२२/७०; बसून १२४/७०, उभे राहून १०२/६४. उपाशी साखर १२६ ते १३४. वजन ७१ किलो, चार दिवसांत बदल नाही. पाच औषधे, फोटो १ ते १०. अ‍ॅम्लोडिपिन दोन पाकिटांत आहे असे दिसते, कृपया पाहावे. गुडघ्यासाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक दिवसाआड. पायांचे फोटो ११ ते १३, वहीचे पान १४."

गुडघ्याच्या गोळीचा उल्लेख मुद्दाम केला होता. अ‍ॅसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या मूत्रपिंडावर त्यांचा ताण येऊ शकतो. या गोळीची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची होती आणि दहा दिवसांसाठीच लिहिलेली होती.

व्हिडिओच्या वेळी काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या, कारण खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे हात मोकळे होते. रक्तदाबाचे यंत्र, पाकिटे, जुने रिपोर्ट आणि पेन हाताशी होते. मुलगा पुण्याहून जोडला गेला, पण बोलायचे काकूंनी, हे आधीच ठरले होते. अंधारी नेमकी केव्हा येते, हे त्यांच्याशिवाय कोणालाच सांगता येत नव्हते. मध्येच चित्र अडकले तेव्हा डॉक्टरांनी साध्या फोनवर बोलणे पुढे चालू ठेवले. फोटो त्यांच्याकडे आधीच असल्यामुळे काही अडले नाही.

डॉक्टरांनी काकूंना दोन्ही पाकिटे एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली आणि कोणते केव्हा घेता, हे पुन्हा त्यांच्याच तोंडून ऐकले. मग नडगी दाबून दाखवायला लावली आणि खोलीत चालून यायला सांगून श्वास पाहिला. त्यांनी वेगळी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक बंद केले, गुडघा फारच दुखला तर पॅरासिटामॉल घेण्यास सांगितले आणि साखरेच्या गोळीत बदल केला नाही. रक्तातील क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम आणि लघवीतील प्रथिने तपासायला लिहिली. आठवड्याभरात दवाखान्यात येऊन ईसीजी काढावा आणि प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी, हेही सांगितले. छातीला स्टेथोस्कोप लावणे, मानेच्या शिरा जवळून पाहणे, पोटात पाणी आहे का ते चाचपणे व्हिडिओवर होत नाही. २५ मार्च २०२० रोजी देशात लागू झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दुरून तपासणे पुरेसे आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवावे, हे ठरवणे डॉक्टरांच्या व्यावसायिक निर्णयावर आहे. चिठ्ठी मोबाइलवर आली. तिच्यावर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक होता, त्यामुळे दुकानदार म्हणून मला ती ग्राह्य धरण्यात अडचण नव्हती.

अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून जास्तीची गोळी बंद केल्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी शोधू नये. मोजणी आठव्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. त्या तीन दिवसांची सरासरी १३०/७६ आली आणि उभे राहिल्यावरची घसरण आठवर आली. रक्त आणि लघवीचे रिपोर्ट डॉक्टरांना ठीक वाटले, ईसीजीतही काही निघाले नाही. चौथ्या आठवड्यातील फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा डाव्या पायावरचा खळगा दिसेनासा झाला होता. उजव्या घोट्यावर संध्याकाळी थोडी सूज अजून येते. प्रत्यक्ष तपासणीत डॉक्टरांना त्या पायावर फुगलेल्या शिरा आढळल्या आणि त्यासाठी वेगळे पाहू, असे ते म्हणाले. व्हिडिओत त्या शिरा कोणालाच दिसल्या नव्हत्या, कारण त्या पोटरीच्या मागच्या बाजूला होत्या आणि आम्ही सगळे फोटो समोरून व बाजूनेच काढले होते.